लाइट गेल्यावर मॉस्किटो बॅट का जळते? प्युअर साइन वेव्ह आणि मॉडिफाइड साइन वेव्ह इन्व्हर्टरमधला खरा फरक

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला. डास वाढले म्हणून मी मॉस्किटो बॅट चार्जिंगला लावली. दहा-पंधरा मिनिटांत जळका वास यायला लागला. बॅट काढली तर मूठ हाताला चटका बसेल इतकी गरम! काका म्हणाले, "अरे, या इन्व्हर्टरवर ही दुसरी बॅट गेली. माल हलका येतो हल्ली." मी बॅट उघडून पाहिली, तेव्हा कळलं की दोष एकट्या बॅटचा नव्हता. इन्व्हर्टरमधून येणाऱ्या करंटच्या आकारात गोची होती.

आकार म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते, पण हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. प्रत्यक्षात व्होल्टेज शून्यापासून हळूहळू ३२५ पर्यंत चढतं, उतरतं, मग तसंच उलट्या दिशेने उणे ३२५ पर्यंत जातं आणि परत येतं. हे सेकंदाला ५० वेळा होतं. कागदावर काढलं तर गुळगुळीत लाट दिसते. हीच साइन वेव्ह. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसी करंटपासून जवळपास अशीच लाट तयार करतो.

स्वस्त इन्व्हर्टर एवढी मेहनत घेत नाही. तो पायऱ्या बनवतो. ५ मिलिसेकंद अधिक ३२५ व्होल्ट, पुढचे ५ मिलिसेकंद शून्य, मग ५ मिलिसेकंद उणे ३२५, आणि पुन्हा शून्य. हिशेब केला तर याचेही बरोबर २३० व्होल्टच होतात, म्हणून बल्ब नेहमीसारखाच पेटतो. यालाच मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणतात. दुकानात हा माल बऱ्याचदा 'स्क्वेअर वेव्ह' या नावानेही मिळतो.

म्हणजे आकडा तोच, पण चढण वेगळी. एकीकडे घाटाचा रस्ता, दुसरीकडे थेट भिंत.

बॅटच्या आत काय झालं?

फोनच्या चार्जरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल करणारी चिप असते. स्वस्त मॉस्किटो बॅटमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे २३० व्होल्टच्या वाटेत एक कपॅसिटर बसवलेला असतो आणि तोच करंट अडवून धरतो. त्याच्या जोडीला एक छोटासा रेझिस्टर असतो. ही युक्ती स्वस्त आहे आणि गुळगुळीत लाटेवर नीट चालते.

आता आकडे मांडून बघू. समजा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आहे आणि रेझिस्टर १०० ओहमचा. महावितरणच्या लाइटवर यातून साधारण ७२ मिलिअँपिअर करंट जातो आणि रेझिस्टरमध्ये अर्धा वॉट उष्णता तयार होते. १ वॉटचा रेझिस्टर हे आरामात सोसतो.

पायऱ्यांच्या लाटेवर मात्र व्होल्टेज एका क्षणात शून्यावरून ३२५ वर उडी मारतं. कपॅसिटर अशी उडी अडवू शकत नाही, कारण तो फक्त सावकाश बदल अडवतो. त्यामुळे त्या क्षणी करंट रोखायला एकटा रेझिस्टरच उरतो. ३२५ भागिले १००, म्हणजे सव्वातीन अँपिअरचा झटका! तो अगदी क्षणभराचा असतो, पण अशा उड्या सेकंदाला २०० होतात. प्रत्येक उडीत सुमारे ०.०५३ जूल उष्णता रेझिस्टरमध्ये जाते. २०० ने गुणलं की होतात साडेदहा वॉट. अर्ध्या वॉटची सवय असलेल्या भागावर वीसपट भार! वास येणारच.

गंमत म्हणजे, मग थोडा मोठ्या ओहमचा रेझिस्टर टाकला तर? झटका लहान होतो, पण जास्त वेळ टिकतो, आणि उष्णता जवळपास तेवढीच राहते. म्हणून यावर जुगाड चालत नाही.

हाच प्रकार सॉकेटमध्ये थेट खोचायच्या स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये, नाइट लॅम्पमध्ये आणि काही अगदी स्वस्त एलईडी बल्बमध्ये असतो.

पंखा का गुणगुणतो?

दुसरी तक्रार पंख्याची. या पायऱ्यांच्या लाटेत ५० हर्ट्झची मूळ लाट असते, पण तिच्यासोबत १५०, २५० अशा जास्त हर्ट्झच्या लाटाही मिसळलेल्या असतात. २३० पैकी मूळ लाटेच्या वाट्याला येतात सुमारे २०७ व्होल्ट. पंखा फिरवायचं काम तीच करते. बाकीच्या लाटा मोटरला फक्त थरथरवतात आणि तापवतात. म्हणून पंखा थोडा हळू चालतो आणि 'घूंऽऽ' असा आवाज करतो. तो लगेच जळत नाही, पण रोज तासन् तास चालला तर वायंडिंग आणि इलेक्ट्रिशियन ज्याला कंडेन्सर म्हणतो तो, दोघांनाही त्रास होतो. फ्रिज आणि पाण्याचा पंप यांच्याही मोटरी याच जातीच्या, त्यामुळे त्या या इन्व्हर्टरवर लावूच नका.

फोन, राउटर, लॅपटॉपचं काय?

इथे टेन्शन घेऊ नका. फोनचा चार्जर आणि राउटरचा अडॅप्टर आलेली वीज आधी डीसी करून घेतात. त्यामुळे लाट कशीही असली तरी सहसा त्यांचं काम भागतं. टीव्हीचंही बहुतेक वेळा तसंच. अपवाद म्हणजे गेमिंग पीसीचे मोठे पॉवर सप्लाय आणि मोठ्या वॉटचे लॅपटॉप अडॅप्टर. त्यांतले काही लाटेच्या आकारावर नजर ठेवून करंट घेतात. ते या इन्व्हर्टरवर गुणगुणतात किंवा लाइट जाताच बंद पडतात.

आपल्या घरी कोणता आहे, कसं ओळखायचं?

आधी इन्व्हर्टरवरचं लेबल वाचा. काही लिहिलेलं नसेल तर मेन स्विच बंद करून पंखा इन्व्हर्टरवर चालवा. आवाज लगेच बदलला तर पायऱ्यांची लाट असण्याची शक्यता जास्त. इलेक्ट्रिशियन घरी आला असेल तर त्याला साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज बघायला सांगा. साधा मीटर लाट गुळगुळीत आहे असं धरूनच आकडा दाखवतो, त्यामुळे वर सांगितलेल्या लाटेवर तो २३० ऐवजी १८० च्या आसपास दाखवतो. याचा अर्थ इन्व्हर्टर बिघडला असा नाही. 'ट्रू आरएमएस' मीटर त्याच जागी २३० च्या जवळचा आकडा दाखवेल.

मग घ्यायचा कोणता?

फक्त दोन-चार चांगले एलईडी बल्ब, राउटर आणि फोन चालवायचे असतील तर स्वस्तातला इन्व्हर्टर चालून जातो. पंखे रोज चालणार असतील तर प्युअर साइन वेव्हच घ्या. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं मशीन असेल तर त्याचं मॅन्युअल वाचल्याशिवाय कुठल्याच इन्व्हर्टरवर लावू नका.

आणि घरी आधीच स्वस्त इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. लाइट असताना इन्व्हर्टर बाहेरून आलेली वीजच पुढे पाठवतो, पायऱ्या सुरू होतात त्या लाइट गेल्यावर. काकांना मी एवढंच सांगितलं, की बॅट आणि टॉर्च लाइट असतानाच चार्ज करा आणि लाइट गेली की लगेच काढा. तिसरी बॅट अजून शाबूत आहे.