कबड्डी : कोपऱ्यातील जोडी कशी मोजावी?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मैदानांवर कबड्डी पाहणाऱ्याला डाव्या व उजव्या कोपरारक्षकांची जोडी चटकन नजरेत भरते. मात्र ही जोडी खरोखर परस्परपूरक आहे, की दोघे स्वतंत्रपणेच चांगले आहेत, हे केवळ पकडींच्या एकूण संख्येवरून कळत नाही. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या चढायांचे चार गट करावे लागतात : दोघेही मैदानात, फक्त डावा, फक्त उजवा आणि दोघेही बाहेर.

उदाहरणादाखल, प्रत्येक गटात ४० चढाया धरू. दोघेही बाहेर असताना १० पकडी झाल्या, फक्त डावा असताना १२ आणि फक्त उजवा असतानाही १२. म्हणजे प्रत्येकाची भर दोन पकडींची, आणि दोघे मिळून १४ अपेक्षित. प्रत्यक्षात १६ झाल्या, तर वरच्या दोन जोडीच्या.

येथे एक फसगत संभवते. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर जातो. त्यामुळे जोडी मैदानात असताना बहुधा संघही भरलेला असतो. ते श्रेय जोडीला जाऊ नये म्हणून मैदानात सारखेच, समजा पाच, खेळाडू असतानाच्या चढायांचीच तुलना करावी. शिवाय ४० चढायांत दोन पकडींचा फरक योगायोगानेही पडतो. संपूर्ण हंगामाच्या नोंदींशिवाय निष्कर्ष काढू नये.