ग्रॅम अभिरंजन : एका उणिवेचा उपयोग

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या शीर्षकाखाली बहुधा एकच ओळ असते : ‘दिलेले जिवाणू ग्रॅम-धन आहेत’ किंवा ‘ग्रॅम-ऋण आहेत’. या पद्धतीला ज्याचे नाव मिळाले त्या हान्स क्रिश्चन ग्रॅमला मात्र जिवाणूंचे असे दोन गट पाडायचेच नव्हते. त्याला काय हवे होते ते पाहिले, की प्रयोगातील प्रत्येक पायरीचे कारण आपल्याला कळते.

ग्रॅम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर. १८८४ मध्ये तो बर्लिनच्या शहर रुग्णालयात कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करीत होता. न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाचे पातळ छेद घेऊन त्यांत जिवाणू शोधायचे, हे त्याचे काम. अडचण अशी होती, की रंग दिला की जिवाणूंबरोबर पेशींची केंद्रकेही रंगत आणि त्या गर्दीत जिवाणू ओळखू येत नसत. ग्रॅमने जांभळ्या रंगानंतर आयोडीनचे द्रावण वापरले आणि मग छेद अल्कोहोलने धुतला. ऊतींचा रंग निघून गेला, जिवाणू मात्र गडद राहिले. त्याचे काम साधले होते.

पण काही जिवाणू, उदाहरणार्थ विषमज्वराचे, अल्कोहोलने रंग सोडून देत. जिवाणू दिसावेत म्हणून काढलेल्या पद्धतीत ही उणीवच होती. आपली पद्धत सदोष आणि अपूर्ण आहे, असे ग्रॅमने आपल्या निबंधात स्वतःच लिहून ठेवले. पुढे रंग गेलेले जिवाणू दिसावेत म्हणून सॅफ्रानिनसारखा लाल प्रतिरंग देण्याची रीत पडली, आणि ती उणीवच वर्गीकरणाची खूण झाली.

आज आपण करतो तो प्रयोग असा. स्वच्छ काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात जिवाणूंचा पातळ लेप पसरून हवेत वाळवायचा आणि पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवायची, म्हणजे लेप पक्का होतो. मग क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाण्याने धुणे, आयोडीन १ मिनिट, पुन्हा धुणे. यानंतर ९५ टक्के अल्कोहोल थेंबथेंब सोडायचे, सुमारे १० ते २० सेकंद. वाहणारे थेंब रंगहीन दिसू लागताच लगेच पाण्याने धुवायचे. शेवटी सॅफ्रानिन सुमारे १ मिनिट, धुणे, टिपकागदाने टिपणे आणि तेलाचा थेंब टाकून १००× भिंगाखाली पाहणे. १०× नेत्रभिंग असेल तर प्रतिमा १००० पट मोठी दिसते.

क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही गटांत शिरते. आयोडीनमुळे पेशीच्या आत त्याचे मोठे संयुग तयार होते. ग्रॅम-धन जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भित्तिका जाड असते. अल्कोहोलने तिच्यातील पाणी कमी होऊन ती आवळते आणि संयुग आत अडकते. ग्रॅम-ऋण जिवाणूंत हा थर अगदी पातळ असतो आणि बाहेर मेदयुक्त पटल असते. अल्कोहोल ते पटल विस्कटते, रंग बाहेर पडतो आणि पेशी सॅफ्रानिनने लाल होते. म्हणजे फरक टिकाव धरण्यातला आहे, आणि म्हणूनच तो वेळेवर अवलंबून आहे.

यासाठी एकाच काचपट्टीवर तीन लेप घ्यावेत. डावीकडे स्टॅफिलोकॉकस, उजवीकडे ई. कोलाय आणि मध्ये दह्याच्या निवळीचा. निरीक्षणात डावीकडे जांभळ्या गोलाणूंचे घोस, उजवीकडे सुट्या लाल दंडाणू आणि मध्ये जांभळे दंडाणू व गोलाणूंच्या साखळ्या दिसल्या, तर ‘दह्यातील हे जिवाणू ग्रॅम-धन आहेत’ हा निष्कर्ष लिहिता येतो.

आता समजा, तिन्ही लेप लाल दिसले. मग मधल्या लेपाविषयी काहीच सांगता येणार नाही. अल्कोहोल जास्त वेळ राहिले असेल किंवा आयोडीनची पायरी सुटली असेल. फक्त डावा लेपच लाल असेल, तर संवर्ध जुना झाल्याची शंका घ्यावी. वय झालेल्या पेशींची भित्तिका कमकुवत होते, म्हणून १८ ते २४ तासांचा संवर्ध वापरतात. उलट, उजवीकडचा लेप जांभळा राहिला तर तो जाड झाला आहे किंवा अल्कोहोल कमी पडले आहे. वहीत ‘दक्षता’ म्हणून लिहिलेली वाक्ये म्हणजे या चुकांचीच यादी होय.

निष्कर्षाची मर्यादाही सांगायला हवी. क्षयाच्या जिवाणूंच्या भित्तिकेत मेणासारखे पदार्थ असल्याने ते या पद्धतीने नीट रंगत नाहीत. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते. शिवाय ग्रॅम-धन म्हटल्याने जिवाणूची जाती ठरत नाही. कळते ते एवढेच, की त्याच्या भित्तिकेने अल्कोहोलपुढे रंग धरून ठेवला. तो तसा धरला, की आपण अल्कोहोलच कमी घातले, हे शेजारचे दोन लेप सांगतात.