कॉन्ट्रास्ट व किरणोत्सारी तपासण्यांनंतरचे स्तनपान

स्तनदा मातेला सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट द्रव्याचे (बोलीभाषेत 'डायचे') इंजेक्शन दिल्यानंतर, अथवा अणुवैद्यक तपासणीसाठी किरणोत्सारी द्रव्य दिल्यानंतर, बाळाला अंगावर पाजावे की नाही, हा या लेखाचा विषय आहे. पुण्यासारख्या शहरात या तिन्ही तपासण्या उपलब्ध आहेत. त्यांतील फरक ध्यानात न घेता मातेला सरसकट 'चोवीस तास दूध पाजू नका' असे सांगितले जाते. कॉन्ट्रास्टच्या बाबतीत हा सल्ला अनावश्यक, तर किरणोत्सारी आयोडीनच्या बाबतीत अगदीच अपुरा ठरतो.

कॉन्ट्रास्ट द्रव्य

चोवीस तासांच्या सल्ल्याचा उगम मुख्यतः औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रकांत व जुन्या सावधगिरीत आहे. सीटी स्कॅनचे कॉन्ट्रास्ट आयोडीनयुक्त असते. ते पाण्यात विरघळते, चरबीत फारसे नाही. म्हणून रक्तातून दुधात अत्यल्प उतरते. पहिल्या चोवीस तासांत मातेला दिलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि त्यातीलही एक टक्क्याच्या आसपासच बाळाच्या आतड्यातून शोषला जातो.

उदाहरणार्थ, मातेला मिलिलिटरमागे ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेले १०० मिलिलिटर द्रव्य दिले, तर तिच्या शरीरात ३० ग्रॅम आयोडीन जाते. वरची कमाल मर्यादा धरली तरी दुधात ३०० मिलिग्रॅम उतरेल व बाळाच्या रक्तात सुमारे ३ मिलिग्रॅम पोहोचेल. याच चार किलोच्या बाळाचा स्वतःचा सीटी स्कॅन करायचा झाल्यास, किलोमागे २ मिलिलिटर या हिशोबाने त्याला थेट शिरेतून २,४०० मिलिग्रॅम आयोडीन दिले जाते. म्हणजे दुधावाटे मिळणारा अंश त्याच्या आठशेव्या हिश्श्याएवढा असतो.

एमआरआयमधील गॅडोलिनियम दुधात याहूनही कमी, म्हणजे ०.०४ टक्क्यांहून कमी उतरते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी ही संस्था दोन्ही द्रव्यांनंतर स्तनपान चालू ठेवणे सुरक्षित मानते. तरीही मातेच्या मनात शंका राहिल्यास बारा ते चोवीस तास थांबण्याची मुभा देते. क्ष-किरणांमुळे दूध किरणोत्सारी होते, हा समज मात्र निराधार आहे. यंत्र बंद होताच किरण संपतात.

अकारण थांबण्याची किंमत मातेला मोजावी लागते. दूध न निघाल्यास स्तन दाटून येतात, गाठी होतात, कधी स्तनशोथ होऊन ताप भरतो; काही बाळे बाटलीची सवय लागल्यावर पुन्हा अंगावर नीट पीत नाहीत.

किरणोत्सारी द्रव्य

येथे प्रश्न द्रव्याच्या विषारीपणाचा नसून किरणोत्साराचा आहे. म्हणून त्याचे नाव व अर्धायुकाल पाहावा लागतो. पुष्कळ तपासण्यांत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम या द्रव्याचा अर्धायुकाल सहा तासांचा आहे. बारा तासांनी त्याचा चौथा, तर चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. ते कोणत्या रासायनिक रूपात दिले आहे यावर दुधात किती उतरेल हे ठरते. थायरॉइड स्कॅनसाठी ते परटेक्नेटेट रूपात देतात व ते दुधात तुलनेने जास्त येते. त्यानंतर सामान्यतः बारा ते चोवीस तास थांबण्यास सांगतात. हाडांच्या स्कॅनमध्ये वापरले जाणारे रूप दुधात फार कमी येते. थांबण्याच्या काळात पिळून काढलेले दूध फेकलेच पाहिजे असे नाही. ते गोठवून ठेवल्यास साठ तासांत, म्हणजे दहा अर्धायुकालांत, त्यातील किरणोत्सार सुमारे हजारावा हिस्सा उरतो.

पेट स्कॅनमधील फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल ११० मिनिटे आहे. एफडीजी हे द्रव्य दुधापेक्षा स्तनाच्या ऊतींत अधिक साठते. त्यामुळे काही तास बाळाला फार वेळ छातीशी धरू नये व पिळलेले दूध दुसऱ्या कोणी पाजावे, असे सुचवतात.

आयोडीन-१३१

सर्वांत गंभीर अपवाद हा आहे. स्तनग्रंथी आयोडीन रक्तातून ओढून घेतात, दूध ते बाळापर्यंत पोहोचवते आणि बाळाची थायरॉइड ग्रंथी ते साठवते. अर्धायुकाल आठ दिवसांचा असल्याने एक-दोन दिवस थांबून काहीच साधत नाही. उपचाराच्या मात्रेनंतर त्या बाळाचे स्तनपान कायमचे बंद करावे लागते. मातेच्या स्तनांनाही मात्रा कमी बसावी म्हणून उपचारापूर्वी किमान सहा आठवडे दूध बंद करतात. पुढील बाळंतपणात स्तनपानाला आडकाठी नसते.

बाळंतपणानंतर थायरॉइड वाढल्याचे आढळले, तर तो ग्रेव्हज आजार आहे की प्रसूतीनंतरचा तात्पुरता थायरॉइडशोथ, हे ओळखण्यासाठी स्कॅन सुचवला जातो. टीएसएच रिसेप्टर प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीने हा निवाडा पुष्कळदा किरणोत्सारी द्रव्याविना होतो. म्हणून 'मी बाळाला अंगावर पाजते' हे मातेने तपासणीची वेळ ठरवतानाच सांगणे आणि द्रव्याचे पूर्ण नाव लिहून घेणे महत्त्वाचे. नुसते 'आयोडीनचे इंजेक्शन' एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. सीटीचे आयोडीन व आयोडीन-१३१ यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही.