महिरपी कंस हरवलेले सूत्र आणि फसवी बेरीज

एक्सेलच्या जुन्या तक्त्यांमध्ये काही सूत्रे दोन महिरपी कंसांच्या आत बसलेली दिसतात. हे कंस कोणी टंकलेले नसतात. सूत्र लिहून झाल्यावर नुसते Enter न दाबता Ctrl, Shift आणि Enter या तीन कळा एकत्र दाबल्या की एक्सेल ते स्वतःहून लावते. हाताने कंस टंकले तर एक्सेल त्या मजकुराला सूत्र मानतच नाही आणि सेलमध्ये तो जसाच्या तसा उमटतो. अशा सूत्राला ‘अ‍ॅरे फॉर्म्युला’ म्हणतात. एका वेळी एकाच किमतीवर काम न करता संपूर्ण रकान्यातील किमतींवर एकदम काम करणे, हे त्याचे वैशिष्ट्य. हे कंस काही शोभेचे नव्हेत. ते गेले की सूत्राची अक्षरे तीच राहतात, उत्तर मात्र बदलते आणि पुष्कळदा ते चुकले आहे अशी शंकाही येत नाही.

एका गृहनिर्माण संस्थेच्या थकबाकीचा तक्ता उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत आणि दुसऱ्या ते नवव्या ओळीत आठ सदनिकांच्या नोंदी. B रकान्यात विंग, C मध्ये किती महिन्यांची थकबाकी आणि D मध्ये रक्कम. मासिक आकार २,५०० रुपये. ओळी २, ३, ६ आणि ७ ‘अ’ विंगच्या, बाकीच्या ‘ब’ विंगच्या. थकलेले महिने वरून खाली ५, १, ४, २, ७, ३, १, ६. सर्व मिळून थकबाकी ७२,५०० रुपये. खजिनदारांना हवी आहे ती ‘अ’ विंगमधील तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली रक्कम. ही अट फक्त दुसरी आणि सहावी ओळ पूर्ण करते, म्हणून उत्तर १२,५०० अधिक १७,५००, म्हणजे ३०,००० रुपये यायला हवे. त्यासाठीचे सूत्र असे:

```
=SUM(IF((B2:B9="अ")*(C2:C9>3),D2:D9))
```

तीन कळा एकत्र दाबून हे सूत्र भरले की ते कंसात दिसते आणि ३०,००० हे उत्तर देते. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत नुसते Enter दाबले तर काय होते, हे मात्र सूत्र कोणत्या ओळीत बसले आहे यावर ठरते. ते F2 किंवा F6 मध्ये असेल तर उत्तर येते ७२,५००. F3, F4, F5, F7, F8 किंवा F9 मध्ये असेल तर शून्य. तक्त्याच्या खाली, समजा F12 मध्ये, असेल तर #VALUE! ही त्रुटी. एकच सूत्र, एकच माहिती आणि तीन वेगवेगळी उत्तरे. त्यांपैकी एकही बरोबर नाही.

यामागचे कारण जुन्या एक्सेलच्या एका सवयीत आहे. जिथे एकच किंमत अपेक्षित आहे तिथे संपूर्ण रकान्याचा पट्टा दिला तर एक्सेल त्यातून सूत्राच्याच ओळीतील किंमत उचलते आणि बाकीच्या सोडून देते. तांत्रिक भाषेत याला ‘इम्प्लिसिट इंटरसेक्शन’ म्हणतात. IF या फंक्शनला अटीच्या जागी एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ अपेक्षित असते. सूत्र F6 मध्ये असेल तर B2:B9 मधून फक्त B6 आणि C2:C9 मधून फक्त C6 घेतले जाते. सहावी ओळ ‘अ’ विंगची आणि सात महिन्यांची, म्हणून अट पूर्ण होते. आता IF ने दुसऱ्या जागी जे दिले आहे ते परत करायचे. तिथे D2:D9 हा सबंध पट्टा आहे आणि संपूर्ण पट्टा परत करण्याची IF ला मुभा आहे. SUM त्या सर्वांची बेरीज करून ७२,५०० दाखवते. F7 मध्ये मात्र सातव्या ओळीचे महिने तीनच असल्याने अट फसते, IF कडून FALSE येते आणि त्याची बेरीज शून्य होते. बाराव्या ओळीत उचलायला काहीच नसते, म्हणून तिथे त्रुटी दिसते.

या तिन्हींपैकी त्रुटी हीच त्यातल्या त्यात बरी, कारण ती निदान डोळ्यांत खुपते. शून्य पाहून ‘अ विंगची जुनी थकबाकी उरली नाही’ असा समज होऊ शकतो आणि ७२,५०० हा आकडाही खराच असतो, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. गोषवारा वेगळ्या शीटवर असला तरी सुटका नाही. एक्सेल ओळीचा क्रमांक शीट ओलांडूनही जुळवते. दोनशे ओळींच्या नोंदवहीचा गोषवारा दुसऱ्या शीटच्या सहाव्या ओळीत असेल, तर नोंदवहीची सहावी ओळच सगळा निकाल ठरवते.

दुसऱ्या प्रकारची चूक अनेक उत्तरे देणाऱ्या फंक्शनमध्ये होते. त्याच तक्त्यात किती सदनिकांची थकबाकी एक महिन्यापर्यंत, किती दोन-तीन महिन्यांची, किती चार ते सहा महिन्यांची आणि किती त्याहून अधिक, हे पाहायचे आहे. H2 ते H4 मध्ये १, ३, ६ या मर्यादा लिहायच्या, I2 ते I5 हे चार सेल निवडायचे, पुढील सूत्र टंकायचे आणि तिन्ही कळा दाबायच्या:

```
=FREQUENCY($C$2:$C$9,$H$2:$H$4)
```

चार सेलमध्ये २, २, ३, १ ही उत्तरे येतात. नुसते Enter दाबले तर सूत्र एकाच सेलमध्ये जाते आणि चार उत्तरांपैकी पहिले, म्हणजे २, तेवढे दिसते. मग पुष्कळ जण तेच सूत्र खाली ओढतात. प्रत्येक सेल पुन्हा आपापले पहिलेच उत्तर दाखवतो आणि रकान्यात २, २, २, २ उमटते. या उदाहरणात योगायोगाने त्यांची बेरीजही आठच भरते, त्यामुळे ताळा करणाराही फसावा! सात महिन्यांची थकबाकी असलेली सदनिका एकच आहे. तक्ता दोन सांगतो.

कंस नाहीसे होतात ते बहुधा दुरुस्तीच्या वेळी. सूत्र संपादनासाठी उघडले की फॉर्म्युला बारमधील कंस अदृश्य होतात. नवव्या ओळीखाली दोन सदनिका वाढल्या म्हणून कोणी 9 च्या जागी 11 करते आणि सवयीने Enter दाबते. ज्याने मूळ सूत्र लिहिले त्याला तीन कळा ठाऊक असतात. पुढच्या वर्षीच्या खजिनदाराला त्या कोणी सांगितलेल्या नसतात. अनेक सेलमध्ये पसरलेल्या सूत्राला थोडे संरक्षण आहे, कारण त्यातील एकच सेल बदलू गेल्यास एक्सेल नकार देते. एका सेलच्या सूत्राला तसे कवच नाही.

चूक ओळखण्याची पहिली खूण उघड आहे: सेलवर जाऊन फॉर्म्युला बारमध्ये कंस आहेत का ते पाहणे. दुसरी कसोटी अधिक पक्की म्हणता येईल. सूत्राचा सेल Ctrl+X ने उचलून दुसऱ्या ओळीत ठेवावा. अशा हलवण्याने त्यातील पत्ते बदलत नाहीत, त्यामुळे उत्तरही बदलता कामा नये. ते बदलले तर कंस हरवले आहेत, असे समजावे. मात्र सूत्राचा तुकडा निवडून F9 दाबून पाहण्याच्या लोकप्रिय युक्तीवर इथे विसंबू नये. F9 त्या तुकड्याचा हिशेब अ‍ॅरे म्हणूनच करते आणि कंस नसलेल्या सूत्रातही सगळे आलबेल असल्याचे दाखवते. Evaluate Formula हे साधन मात्र एकेक पायरी उलगडताना B2:B9 च्या जागी एकच किंमत आलेली दाखवते.

दुरुस्ती सोपी आहे. सेलवर F2 दाबून सूत्र उघडावे आणि काहीही न बदलता तीन कळा एकत्र दाबाव्यात. पण पुढच्या हाताकडून तीच चूक होऊ नये असे वाटत असेल तर कंसांची गरजच नसलेले सूत्र वापरणे श्रेयस्कर. एक्सेल २००७ पासून अनेक अटींच्या बेरजेसाठी SUMIFS उपलब्ध आहे:

```
=SUMIFS(D2:D9,B2:B9,"अ",C2:C9,">3")
```

हे नुसत्या Enter ने ३०,००० देते. त्याहून जुन्या आवृत्त्यांत SUMPRODUCT हेच काम करते, कारण ते आपल्या आतील पट्ट्यांना मुळातच अ‍ॅरे मानते. त्यातही एक खाच आहे. SUMPRODUCT च्या पोटात IF घातले तर पुन्हा तिन्ही कळांची गरज लागते. अटी गुणाकारानेच जोडाव्यात. अटींनुसार सर्वांत मोठी रक्कम काढणारे MAXIFS मात्र एक्सेल २०१९ पासूनच आले. त्यामुळे त्याआधीच्या असंख्य तक्त्यांत MAX आणि IF ची कंसबद्ध जोडीच आढळते. तिचे कंस गेले तर शून्य किंवा साऱ्या तक्त्यातील सर्वांत मोठी रक्कम समोर येते.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘डायनॅमिक अ‍ॅरे’ पद्धतीने हा सगळा व्याप कमी केला. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ मध्ये नुसत्या Enter ने भरलेले नवे सूत्रही अ‍ॅरे म्हणूनच चालते आणि अनेक उत्तरे असतील तर ती शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये आपोआप पसरतात. परंतु नवी आवृत्ती जुनी चूक सुधारत नाही. कंस हरवलेली फाइल तिच्यात उघडली की जुने उत्तर जपण्यासाठी एक्सेल सूत्रात @ हे चिन्ह घालते:

```
=SUM(IF((@B2:B9="अ")*(@C2:C9>3),D2:D9))
```

हे चिन्ह म्हणजे ‘इथे फक्त याच ओळीतील किंमत घेतली जाते’ असा कबुलीजबाबच. जुन्या तक्त्यांत @ शोधले तर हरवलेल्या कंसांच्या बऱ्याच जागा सापडतात. प्रत्येक @ चूकच असते असे नाही, काही ठिकाणी ओळीतील एकच किंमत हवी असते. वरच्या सूत्रातील दोन्ही चिन्हे काढून Enter दाबले की ३०,००० हे उत्तर येते.

उलट दिशेचा प्रवास अधिक जोखमीचा. नव्या एक्सेलमध्ये कंसांविना लिहिलेले सूत्र २०१६ किंवा २०१९ च्या आवृत्तीत उघडले की ते कंसांसह दिसते आणि बरोबर उत्तर देते. तिथे कोणी एक आकडा बदलून Enter दाबले की कंस जातात, आणि फाइल पुन्हा नव्या संगणकावर आली की त्या जागी @ दिसते. या दोन्ही आवृत्त्यांचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी त्या चालायच्या थांबलेल्या नाहीत. एकच फाइल जुन्या-नव्या संगणकांवरून फिरत असेल तर तिच्यात SUMIFS सारखी दोन्हीकडे सारखेच उत्तर देणारी सूत्रे ठेवावीत. जिथे कंसांना पर्याय नाही, त्या सेलला शीट-संरक्षणाचे कुलूप घालावे आणि शेजारच्या सेलमध्ये ‘Ctrl+Shift+Enter’ अशी टीप लिहून ठेवावी.