माल ९,८४० किलो, बिल १०,००० किलोचं: पुरवठादाराचे पैसे सोडण्याआधीची ‘तिहेरी जुळवणी’ म्हणजे काय?

पुरवठादाराचं बिल आलं, त्यावर सही-शिक्का आहे, रक्कमही ओळखीची वाटते. मग पैसे सोडायचे का? अकाउंट्स विभागाचं उत्तर असतं, ‘आधी मॅच करा’. मॅच करणं म्हणजे तीन कागद शेजारी ठेवून तपासणं. आपण काय मागवलं होतं, प्रत्यक्षात काय आलं आणि आता पैसे कशाचे मागितले जात आहेत? इंग्रजीत याला ‘थ्री-वे मॅचिंग’ म्हणतात. मराठीत तिहेरी जुळवणी म्हणू.

पनवेल परिसरात हे काम रोज होतं. एका बाजूला तळोजा एमआयडीसीतले कारखाने, दुसऱ्या बाजूला कळंबोलीचं स्टील मार्केट आणि सगळीकडे चालू असलेली बांधकामं. लोखंडाचा व्यवहार वजनावर होतो आणि वजनात फरक पडायला फार काही लागत नाही. त्यामुळे ही जुळवणी समजून घ्यायला सळईची एक गाडी पुरेशी आहे.

तीन कागद कोणते?

पहिला कागद पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ. तो खरेदी विभाग काढतो. त्यात माल, प्रमाण, दर, जीएसटी, भाडं कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, हे सगळं लिहिलेलं असतं.

दुसरा कागद माल मिळाल्याची नोंद, म्हणजे गुड्स रिसीट नोट किंवा जीआरएन. ती स्टोअरकीपर करतो. पुरवठादाराच्या चलनावर किती लिहिलंय याच्याशी जीआरएनचा संबंध नसतो. आपल्या गेटमधून मोजून किती माल आत आला, तेवढंच तिच्यात यायला हवं.

तिसरा कागद पुरवठादाराचं टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे बिल.

तीन कागद तीन वेगळ्या हातांतून येतात, हाच या पद्धतीचा पाया आहे. मागवणारा, मोजून घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असेल, तर तिन्ही कागद जुळतील, पण त्या जुळण्यातून काहीच कळणार नाही.

एक गाडी, एक हिशेब

उदाहरणापुरती एक ऑर्डर धरू. तळोज्यातल्या एका कारखान्याने शेडच्या कामासाठी १२ मिमी जाडीची १०,००० किलो टीएमटी सळई मागवली. पीओतल्या अटी अशा: दर ५५ रुपये किलो, जागेवर पोहोच (म्हणजे भाडं दरातच), जीएसटी १८ टक्के, वजन कारखान्याच्या काट्यावरचं धरायचं आणि वजनातला अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक मान्य.

गाडी आली. भरलेल्या गाडीचं वजन १६,४२० किलो भरलं. माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं वजन ६,५८० किलो आलं. वजाबाकी केली की निव्वळ माल ९,८४० किलो. स्टोअरकीपरने जीआरएनवर ९,८४० लिहिलं आणि दोन्ही काटा पावत्या सोबत जोडल्या.

काही दिवसांनी बिल आलं. त्यावर १०,००० किलो, दर ५६ रुपये, शिवाय भाड्याचे ६,००० रुपये वेगळे. जीएसटी धरून एकूण ६,६७,८८० रुपये.

आता जुळवणी. प्रमाण जीआरएनवरून घ्यायचं, दर आणि अटी पीओवरून. ९,८४० गुणिले ५५ म्हणजे ५,४१,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ९७,४१६ रुपये. देय रक्कम ६,३८,६१६ रुपये. बिल २९,२६४ रुपयांनी जास्त आहे.

नुसता फरक सांगून भागत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात, कारण प्रत्येक तुकड्याचं उत्तर वेगळ्या माणसाकडे असतं. १६० किलो कमी आले, त्याचे ८,८०० रुपये. हा प्रश्न स्टोअर आणि पुरवठादाराचा. दरात किलोमागे एक रुपया वाढला, त्याचे १०,००० रुपये. त्याचं उत्तर खरेदी विभागाने द्यायचं, कारण फोनवर दरवाढ मान्य केली असेल तर सुधारित पीओ कुठे आहे? भाड्याचे ६,००० रुपये तर पीओच्या अटीलाच धरून नाहीत. या २४,८०० रुपयांवरचा जीएसटी ४,४६४ रुपये मिळवला की हिशेब पुरा होतो.

पीओतली अर्ध्या टक्क्याची सूट इथे उपयोगी पडते का? १०,००० किलोवर ती ५० किलो होते. फरक १६० किलोचा आहे, म्हणून बिल अडतं. फरक ३० किलोचा असता तर बिल पुढे गेलं असतं. दोन काट्यांमध्ये थोडा फरक पडतोच आणि प्रत्येक किलोसाठी फोनाफोनी परवडत नाही. म्हणून ही मर्यादा आधीच लिहून ठेवतात.

वजन खरं आहे, हे कसं कळतं?

पुरवठादार म्हणेल, ‘आमच्या काट्यावर पूर्ण दहा टन भरलं होतं.’ अशा वेळी सळई मोजता येते. साइटवरच्या लोकांना एक सूत्र पाठ असतं: सळईच्या जाडीचा (मिमीमध्ये) वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीसाठी ते सुमारे ०.८८९ किलो येतं. १२ मीटर लांबीची एक सळई साधारण १०.६७ किलोची. दहा टनांत अशा सुमारे ९३८ सळया हव्यात. मोजल्यावर ९२३ निघाल्या, तर १५ सळया कमी आहेत आणि १५ सळयांचं वजन १६० किलोच होतं.

या मोजणीलाही मर्यादा आहे. सळईसाठीच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात १२ मिमी सळईच्या वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं. त्यामुळे संख्या पूर्ण असूनही वजन कमी भरू शकतं. पैसे सूत्राच्या वजनावर द्यायचे की काट्याच्या, हे पीओतच लिहिलेलं असावं. नाहीतर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाद मिटत नाही.

काट्यावरची एक जुनी युक्तीही माहीत असलेली बरी. भरलेली गाडी काट्यावर येते तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर आत बसलेले असतात. रिकामी गाडी वजन करताना ते खाली उतरतात. रिकाम्या गाडीचं वजन तेवढं कमी दिसतं आणि माल शे-सव्वाशे किलोने जास्त वाटतो. म्हणून दोन्ही वेळा गाडीची स्थिती सारखी हवी आणि पावतीवर वेळ छापलेली हवी.

फरक निघाल्यावर पुढे काय?

बिलावर पेनाने रक्कम खोडून कमी पैसे पाठवणं हा मार्ग नाही. जीएसटीत ते बिल पूर्ण रकमेचं नोंदलेलं असतं. पुरवठादाराने फरकाची क्रेडिट नोट द्यायची, म्हणजे त्याचा कर आणि खरेदीदाराचं इनपुट क्रेडिट दोन्ही त्या प्रमाणात कमी होतात. जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार माल मिळाल्याशिवाय त्यावरचं क्रेडिट घेता येत नाही. न आलेल्या १६० किलोंवरचं क्रेडिट घेतलं, तर ते पुढे व्याजासह परत करावं लागू शकतं. एकाच बिलाचा माल दोन-तीन खेपांत येणार असेल, तर क्रेडिट शेवटची खेप आल्यावरच मिळतं. म्हणून प्रत्येक खेपेची जीआरएन वेगळी ठेवतात.

तक्रार लेखी आणि लवकर करण्यालाही कारण आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे देण्याची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवस. ही मुदत माल पोहोचल्यापासून मोजतात. मात्र खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत धरली जाते. महिनाभराने फोनवर केलेल्या तक्रारीला इथे किंमत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. म्हणजे जीआरएनवरची तारीख पुरवठादाराच्याही कामाची आहे. जुळवणीच्या नावाखाली बिल दाबून ठेवणाऱ्या कंपनीला ती तारीख उघडी पाडते.

जुळवणी खोटी आहे, हे कशावरून ओळखायचं?

सगळ्यात मोठा धोका तीन कागद न जुळण्याचा नाही. ते नेहमीच तंतोतंत जुळत असतील, तर जास्त सावध व्हावं. महिनोन्‌महिने जीआरएनचा आकडा चलनाशी किलोकिलोने सारखा येत असेल, तर स्टोअरमध्ये माल मोजला जात नाही, चलन बघून आकडा उतरवला जातो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी स्टोअरकीपरला पीओची अशी प्रत देतात, जिच्यात प्रमाणाचा रकाना कोरा असतो. मोजल्याशिवाय तो भरताच येत नाही.

दुसरी खूण तारखांची. पीओची तारीख बिलानंतरची असेल, तर खरेदी आधी झाली आणि कागद नंतर बनवला. जीआरएन बिल आल्यानंतरची असेल, तर ती बहुधा बिलावरूनच लिहिलेली असते.

तिसरी खूण बिल नंबरची. तेच बिल एकदा ‘४५७’ आणि एकदा ‘०४५७’ असं नोंदलं गेलं, तर सॉफ्टवेअरला ती दोन बिलं वाटू शकतात. एका जीआरएनवर एकदाच पैसे, हा नियम लावला की दुसरं बिल आपोआप अडतं.

ही पद्धत काय पकडत नाही?

पीओतला दरच बाजारभावापेक्षा जास्त असेल, तर तिन्ही कागद जुळतील आणि नुकसानही होईल. माल वजनाला पूर्ण पण दर्जाला कमी असेल, तर त्यासाठी तपासणी अहवाल लागतो. काही कंपन्या तो चौथा कागद म्हणून जोडतात. सेवा आणि बांधकामात जीआरएन नसते. सार्वजनिक बांधकामात तिची जागा मोजमाप पुस्तक घेतं.

आणि पैसे नेमक्या कोणाच्या खात्यात चाललेत, हेही जुळवणी सांगत नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने तैवानमधल्या खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने बनावट बिलं आणि करार पाठवून गुगल आणि फेसबुककडून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत ५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करतात. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.