वॉक-फॉरवर्ड चाचणी : पॅरामीटरची नव्हे, ते निवडण्याच्या रीतीची

१. प्रश्नाची मांडणी

निफ्टी ५० निर्देशांकावर चालणारी एक साधी स्ट्रॅटेजी घेऊ. जलद मूव्हिंग अ‍ॅव्हरेज संथ अ‍ॅव्हरेजच्या वर गेली की खरेदी करायची आणि खाली आली की विकून मोकळे व्हायचे. शॉर्ट सेलिंग करायचे नाही. जलद अ‍ॅव्हरेज १० ते ५० दिवसांची, ५ दिवसांच्या टप्प्याने. संथ ६० ते २४० दिवसांची, २० दिवसांच्या टप्प्याने. म्हणजे ९ गुणिले १०, एकूण ९० जोड्या झाल्या. त्या सगळ्या एकाच कालखंडावर चालवून सर्वांत जास्त परतावा देणारी जोडी उचलली, की नेहमीचे ऑप्टिमायझेशन पूर्ण होते.

अडचण नेमकी इथेच आहे. नव्वदांपैकी कोणती तरी जोडी पहिली येणारच, आणि त्या पहिल्या क्रमांकात गुण किती व योग किती हे त्याच आकड्यांवरून ओळखता येत नाही. बेली, बोर्वाइन, लोपेझ द प्राडो आणि झू या अभ्यासकांनी २०१४ साली हे गणिताने मांडले. पाच वर्षांच्या डेटावर एकमेकींशी संबंध नसलेल्या सुमारे ४५ रचना तपासल्या, तर एकीतही खरा दम नसताना सर्वोत्तम रचनेचा वार्षिक शार्प रेशो १ च्या आसपास दिसू शकतो. आपल्या नव्वद जोड्या एकमेकींसारख्याच वागतात, म्हणून त्या नव्वद स्वतंत्र प्रयत्नांइतक्या भरत नाहीत. तरी धोका तोच राहतो.

२. पद्धत

वॉक-फॉरवर्ड पद्धतीत निवड आणि परीक्षा यांचे कालखंड वेगळे ठेवतात. रॉबर्ट पार्डो यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत ट्रेडिंगच्या क्षेत्रात रुजवली. आपल्या उदाहरणात निवडीची खिडकी चार वर्षांची आणि परीक्षेची एक वर्षाची ठेवू. २००३ ते २००६ वर जोडी निवडायची आणि तीच, काहीही न बदलता, २००७ मध्ये चालवायची. मग खिडकी एक वर्ष पुढे सरकवायची : २००४ ते २००७ वर निवड, २००८ मध्ये परीक्षा. असे करत शेवटची निवड २०२० ते २०२३ वर होते आणि तिची परीक्षा २०२४ मध्ये. अशी परीक्षेची १८ वर्षे मिळतात. ती एकापुढे एक जोडून जो आलेख तयार होतो, तेवढाच निकाल म्हणून वाचायचा. निवडीच्या वर्षांतला परतावा त्यात धरायचा नाही.

या आलेखामागे एकच जोडी नसते. दरवर्षी जोडी बदलू शकते, कायम राहते ती निवडण्याची रीत. ‘२०/१०० चांगली की ५०/२०० चांगली’ याचे उत्तर ही चाचणी देत नाही. ‘मागच्या चार वर्षांवरून जोडी निवडण्याची माझी रीत पुढच्या वर्षी उपयोगी पडते का’ एवढेच ती सांगते.

३. एक पाऊल जवळून : २००८

२००४ ते २००७ या खिडकीत मे २००४ आणि मे-जून २००६ च्या पडझडी आहेत, पण एकूण बाजार चढताच होता. अशा काळात मधल्या घसरणीने न हलता खरेदीत टिकून राहणाऱ्या संथ जोड्यांना आपोआप झुकते माप मिळते. समजा, सर्वाधिक परताव्याच्या नियमाने ५०/२०० निवडली गेली. जानेवारी २००८ च्या २१ आणि २२ तारखेला बाजार कोसळला, तेव्हा ५० दिवसांची अ‍ॅव्हरेज २०० दिवसांच्या बरीच वर होती. म्हणजे ही जोडी त्या दोन्ही दिवशी खरेदीतच होती, पहिला मोठा फटका तिने पूर्ण खाल्ला. पुढे निफ्टी २००७ अखेरच्या ६,१३८ वरून २००८ अखेर २,९५९ वर आला. त्यातल्या उरलेल्या घसरणीतून ती वेळेवर बाहेर पडली असेल, तर तेवढे श्रेय तिचे. सबंध इतिहासावर एकदाच केलेल्या ऑप्टिमायझेशनमध्ये २००८ ठाऊक असतानाच जोडी निवडली जाते, म्हणून जानेवारीतला हा फटका निवडीतच सौम्य होऊन जातो.

याच पावलावर एक चूक वारंवार होते. २०० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजला आधीच्या २०० सत्रांचे भाव लागतात. परीक्षेचा डेटा १ जानेवारीपासून तोडून घेतला, तर पहिला सिग्नल यायला ऑक्टोबर उजाडतो आणि वर्षातला बराच काळ प्रोग्रॅम नुसता रोखीत बसतो. २००८ सारख्या वर्षी हा दोष गुण म्हणून मिरवतो. उपाय सोपा आहे : मागच्या वर्षाचे भाव केवळ अ‍ॅव्हरेज काढण्यासाठी जोडायचे. ते त्या दिवशी ठाऊक असलेलेच भाव असतात, म्हणून ही चोरी ठरत नाही. उलट, बंद भावावर आलेला सिग्नल त्याच बंद भावाला अमलात आणला, तर ती चोरी होते. सौदा दुसऱ्या दिवशीच्या भावाने धरावा.

४. निवडीचा नियम

निव्वळ सर्वाधिक परतावा हा निवडीचा वाईट नियम आहे. समजा, २०/१०० चा शार्प रेशो १.४ आहे, पण तिच्या शेजारच्या १५/१०० आणि २५/१०० चा ०.४ च आहे. दुसरीकडे ३०/१४० चा ०.९ आहे आणि तिच्या आजूबाजूच्या सगळ्या जोड्या ०.८ च्या वर आहेत. पहिला आकडा बहुधा एखाद-दुसऱ्या नशीबवान सौद्याने उभा केलेला असतो. म्हणून प्रत्येक जोडीला तिची आणि शेजाऱ्यांची सरासरी गुण म्हणून द्यावी आणि सुळक्याऐवजी पठार निवडावे. दरवर्षी निवड एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारत असेल, तर पठार मुळात नाहीच, असे समजावे.

५. निकालाचे वाचन

परीक्षेतल्या वार्षिक परताव्याला निवडीतल्या वार्षिक परताव्याने भागले की वॉक-फॉरवर्ड एफिशियन्सी मिळते. निवडीत १८ टक्के आणि परीक्षेत ९ टक्के असतील, तर ती ५० टक्के. निम्म्याहून कमी आली तर सावध व्हावे, हा ढोबळ निकष. पण परीक्षेची वर्षे तेजीची असली की हा आकडा फुगतो. म्हणून त्याच १८ वर्षांत निफ्टी नुसता घेऊन ठेवला असता तर परतावा आणि ड्रॉडाउन किती झाले असते, ते शेजारी मांडावे. खर्चही त्या-त्या तारखेचा हवा : फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के झाला, हे विसरून चालणार नाही.

६. मर्यादा

पहिली मर्यादा सौद्यांच्या संख्येची आहे. ५०/२०० सारखी जोडी वर्षाला जेमतेम एखादा सौदा करते, त्यामुळे परीक्षेच्या एका वर्षावरून काहीच ठरत नाही आणि चार वर्षांची निवडही मूठभर सौद्यांवर उभी राहते. खिडकीची लांबी वर्षांत नव्हे, सौद्यांत मोजावी. संथ स्ट्रॅटेजीला ती वाढवावीच लागते.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. चार वर्षांची खिडकी जमली नाही म्हणून तीन वर्षांची, मग पाच वर्षांची, मग निवडीचा नियमच बदलून पाहिला, तर परीक्षेची वर्षेही निवडीत ओढली जातात. फुटलेल्या पेपरवर मिळालेले हे गुण असतात. म्हणून खिडकी आणि नियम आधी लिहून ठेवावेत, किती पर्याय तपासले याची नोंद ठेवावी आणि शेवटची दोन-तीन वर्षे सगळे ठरेपर्यंत उघडूच नयेत.

हे सांभाळले, तर पुढचा निर्णय सरळ असतो. पुढच्या वर्षाची जोडी त्याच नियमाने, ताज्या खिडकीवरून घ्यायची. प्रत्यक्ष तोटा परीक्षेच्या वर्षांतल्या सर्वांत मोठ्या ड्रॉडाउनच्या पलीकडे गेला, तर नवी जोडी शोधत बसायचे नाही. बाजार चाचणीतल्या बाजारासारखा उरलेला नाही असे धरून स्ट्रॅटेजी थांबवायची.