दृष्टिकोन बदलून केलेले पुनर्लेखन

दृष्टिकोन बदलून केलेले पुनर्लेखन हे कथात्म साहित्यातील एक लेखनतंत्र आहे. एका पात्राने आधी सांगितलेला प्रसंग यात दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहिला जातो. पहिल्या निवेदकाला जे दिसले नाही, दिसूनही उमगले नाही किंवा ज्याबद्दल त्याने विचारलेच नाही, ते उघड करणे हा अशा लेखनाचा हेतू असतो. प्रसंगातील घटना शक्यतो त्याच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. घटनाच बदलल्या तर ती स्वतंत्र कथा होते व मूळ निवेदनाची परीक्षा होत नाही.

या तंत्राचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण इंग्रजी साहित्यातील आहे. शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका गौण पात्राची बाजू जीन रीस यांनी १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’ या कादंबरीत मांडली. या दोन्ही कादंबऱ्यांत आलेला एक प्रसंग या लेखात तपशिलाने घेतला आहे.

## मूळ प्रसंग

‘जेन एअर’ ही प्रथमपुरुषी निवेदनाची कादंबरी आहे. निवेदिका जेन ही थॉर्नफिल्ड हॉल या वाड्यात शिक्षिका असते. विसाव्या प्रकरणात मध्यरात्री तिसऱ्या मजल्यावरून एक भयंकर किंकाळी ऐकू येते. पाठोपाठ झटापटीचा आवाज आणि मदतीसाठी मारलेल्या हाका ऐकू येतात. सारे पाहुणे जागे होऊन जमतात, तेव्हा घरमालक रॉचेस्टर त्यांना सांगतो की एका नोकराणीला दुःस्वप्न पडले. पाहुणे परततात. काही वेळाने तो जेनला गुपचूप वर नेतो. तेथे वेस्ट इंडीजहून आलेला पाहुणा रिचर्ड मेसन रक्तबंबाळ होऊन बसलेला असतो.

वैद्याला आणण्यासाठी रॉचेस्टर निघून जातो. जखम पुसत राहण्याचे काम तो जेनवर सोपवतो. जाताना तो एक अट घालतो: जेन व मेसन यांनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही. शेजारच्या बंद दाराआडून जनावरासारखी गुरगुर ऐकू येत असते. त्या दाराआड ग्रेस पूल ही नोकराणी असून हल्ला तिनेच केला, अशी जेनची समजूत होते. नंतर वैद्य येतो आणि खांद्यावरची जखम केवळ सुरीची नसून दातांचीही आहे, हे ओळखतो. दाराआड रॉचेस्टरची पहिली पत्नी बर्था आहे व मेसन तिचा भाऊ आहे, हे जेनला कित्येक प्रकरणांनंतर, तिच्या स्वतःच्या मोडलेल्या लग्नाच्या दिवशी कळते.

## निवेदिकेकडून काय सुटले

जेन ही खोटे बोलणारी निवेदिका नव्हे. तिने ऐकलेले आवाज, पाहिलेले रक्त आणि उच्चारलेले शब्द यांवर वाचक विश्वास ठेवू शकतो. तिच्याकडून सुटलेल्या गोष्टी तीन निरनिराळ्या प्रकारच्या आहेत. पुनर्लेखन करणाऱ्याला हा फरक नीट पारखावा लागतो.

पहिला प्रकार अनुपस्थितीचा. हल्ला झाला तेव्हा जेन खालच्या मजल्यावर होती. त्याआधी खोलीत काय बोलणे झाले, हे तिला ठाऊक असणे शक्यच नव्हते. दुसरा प्रकार चुकीच्या अर्थाचा. तिने गुरगुर ऐकली आणि ती ग्रेस पूलची मानली. तिसरा प्रकार न विचारलेल्या प्रश्नाचा, आणि पुनर्लेखनाला सर्वांत अधिक वाव तोच देतो. आपण तिचे काही भले करू शकू असे वाटले होते, असे जखमी मेसन जेनसमोरच पुटपुटतो. निघताना तिला शक्य तितक्या मायेने वागवावे अशी विनवणी करतो आणि रडू लागतो. ज्या बाईने त्याला चावले, तिचे कोणते भले करायला तो अपरात्री एकटा वर गेला होता? आपली कहाणी जेन अनेक वर्षांनी, सारे कळल्यानंतर लिहीत आहे. तरीही या प्रश्नाकडे ती पुन्हा वळत नाही. तिच्या लेखी बर्था ही एक आपत्ती आहे, आणि आपत्तीला कारण विचारण्याची रीत नसते.

## रीस यांचे पुनर्लेखन

जीन रीस यांचा जन्म १८९० साली वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर, रोझो येथे झाला. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या. बर्था ही त्यांच्याच प्रदेशातील श्वेतवर्णी क्रिओल स्त्री होती. ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये तिचे नाव ॲन्टोनेट आहे. हे नाव हवेतून आणलेले नाही. मूळ कादंबरीत लग्न थांबवताना जो कागद वाचला जातो, त्यात वधूचे नाव बर्था ॲन्टोनेटा मेसन असे येते. जेनने ते मधले नाव ऐकले व नोंदवलेही, पण पुढे तिच्या दृष्टीने ती केवळ बर्थाच राहिली. रीस यांच्या कादंबरीत ‘बर्था’ हे नाव पतीने पत्नीवर लादलेले आहे.

त्या रात्रीचा प्रसंग कादंबरीच्या तिसऱ्या व अखेरच्या भागात येतो. तो सरळ हल्ल्याच्या क्षणापासून सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी ॲन्टोनेट जागी होते, तेव्हा तिची मनगटे सुजलेली असतात आणि रात्रीचे तिला काहीच आठवत नसते. काय घडले ते तिला ग्रेस पूल सांगते. ग्रेस त्या वेळी खोलीतच होती, परंतु तिनेही सगळे बोलणे ऐकले नव्हते. तुझ्या व तुझ्या पतीच्या मध्ये मी कायद्याने पडू शकत नाही, अशा अर्थाचे मेसनचे एक वाक्य तेवढे तिच्या कानी पडले होते. ‘कायद्याने’ हा शब्द उच्चारताच ॲन्टोनेट त्याच्यावर धावून गेली, असे ग्रेस सांगते.

या एका शब्दाने मूळ प्रसंगाचा अर्थ पालटतो. ॲन्टोनेटच्या विवाहापूर्वी तिची कोरा मावशी आणि रिचर्ड मेसन यांच्यात वाद झालेला असतो. मुलीची सारी मालमत्ता एका परक्या माणसाच्या हाती जात आहे आणि तिला कायद्याचे संरक्षण मिळायला हवे, हे मावशीचे म्हणणे रिचर्ड धुडकावतो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात विवाहाबरोबर स्त्रीचा पैसा पतीचा होत असे. तो तिच्या नावे राखायचा तर आधी वेगळा करार करावा लागे. असा करार झाला नाही आणि हुंड्याचे तीस हजार पौंड पतीकडे गेले. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेसंबंधीचे कायदे इंग्लंडमध्ये पुढे १८७० व १८८२ साली झाले. म्हणजे ज्याने कायद्याचे संरक्षण मिळू दिले नाही, तोच भाऊ आता कायद्याकडे बोट दाखवून हात झटकतो. जेनने ज्याला पिसाटपणा समजले, त्याला कारण होते, आणि ते कारण त्या खोलीतच बोलले गेले होते.

तरीही हा प्रसंग ॲन्टोनेटला निर्दोष ठरवत नाही. सुरी तिनेच मिळवलेली असते. ग्रेससोबत एकदा बाहेर गेली असता गळ्यातील लॉकेट देऊन तिने ती घेतलेली असते. चावाही तिनेच घेतलेला असतो. आपण लाल पोशाख घातला असता तर रिचर्डने आपल्याला ओळखले असते, अशी तिची खंत आहे. तिचे मन ठिकाणावर नाही, हे रीस लपवत नाहीत. ते कशाने ढळले, एवढेच त्या दाखवतात.

## तंत्राची कार्यपद्धती

वरील उदाहरणावरून पुनर्लेखनाचे टप्पे स्पष्ट होतात. प्रथम मूळ प्रसंगातील वाक्यांची दोन भागांत विभागणी करावी लागते: निवेदकाने इंद्रियांनी अनुभवलेले एका बाजूला आणि त्याने काढलेले निष्कर्ष दुसऱ्या बाजूला. किंकाळी, रक्त, दातांची जखम हे पहिल्या भागात मोडते. ‘जनावरासारखी’ ही उपमा आणि ग्रेसवरील संशय हे दुसऱ्या भागात येतात. पहिला भाग नव्या आवृत्तीवर बंधनकारक असतो, दुसरा नसतो.

त्यानंतर मूळ मजकुरातच उरलेला, उत्तर न मिळालेला दुवा शोधावा लागतो. मेसनचे पुटपुटणे हा असा दुवा आहे. नव्या आवृत्तीने दिलेले उत्तर या दुव्याला जोडले गेले, तर ते बाहेरून चिकटवल्यासारखे वाटत नाही. मूळ कादंबरी पुन्हा वाचताना मेसनचे अश्रू वेगळे दिसू लागतात.

शेवटी नव्या पात्राच्या ज्ञानाची मर्यादाही ठरवावी लागते. रीस यांच्या ॲन्टोनेटला ती रात्र आठवत नाही, ग्रेसने अर्धेच ऐकले आहे, आणि वाचकाच्या हाती एकच वाक्य लागते. ॲन्टोनेट स्वतःच सारे स्पष्ट आठवून सांगती, तर ते साक्षीपेक्षा वकिली युक्तिवादासारखे झाले असते.

## सामान्य दोष

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे निव्वळ उलटापालट: पहिल्या आवृत्तीतील दुष्ट पात्र दुसरीत सज्जन होते व सज्जन पात्र दुष्ट. रीस यांच्या कादंबरीचा मोठा भाग स्वतः पती सांगतो. वडिलांच्या इच्छेपुढे नमलेला आणि परक्या बेटावर भांबावलेला एक धाकटा मुलगा त्यातून दिसतो. त्यामुळे दोषाचा भार एकाच व्यक्तीवर पडत नाही.

दुसरा दोष म्हणजे मूळ मजकूर वाचल्यासारखे बोलणारे पात्र. पहिल्या निवेदकाने केलेल्या आरोपांची त्याच क्रमाने उत्तरे नवे पात्र देऊ लागले, की हा दोष ओळखू येतो. ॲन्टोनेटला जेनचे नावही माहीत नाही. तिच्यापुरती जेन ही वाड्यात दिसलेली कोणी मुलगी आहे.

तिसरा दोष तथ्यांतील विसंगती. रीस यांचे लेखनही त्यातून पूर्ण मुक्त नाही. मूळ कादंबरीत मेसन हा बर्थाचा सख्खा भाऊ आहे, रीस यांच्याकडे तो सावत्र आहे. मूळ कादंबरीत सुरी रॉचेस्टर काढून घेतो. ग्रेसच्या कथनावरून मात्र ती मेसनने हिसकावल्यासारखे वाटते. रीस यांनी कथानक गुलामगिरीच्या उच्चाटनानंतरच्या, म्हणजे १८३४ नंतरच्या काळात आणले आहे. हा काळ ‘जेन एअर’च्या कालगणनेत बसत नाही. सुरीसारखा फरक वाचक खपवून घेतो, कारण झटापटीच्या आठवणी वेगळ्या असू शकतात. काळ मात्र हेतुपुरस्सर बदललेला आहे: गुलाममालकांच्या वंशातील, पण निर्धन झालेल्या मुलीची दुहेरी परकेपणाची स्थिती त्याशिवाय उभी राहिली नसती.

## मराठी साहित्यात

मराठीत हे तंत्र बहुधा एकाच कादंबरीच्या आत, अनेक निवेदकांच्या रूपाने आढळते. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण हे निवेदक आहेत. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करणारे भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा, तोच काळ आळीपाळीने सांगतात. तनयचे निवेदन त्या तरुणाला उद्देशून आहे, तर अनुजाचे रोजनिशीच्या रूपात. एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांचे किती कमी पाहिले, हे दुसरा भाग वाचताना लक्षात येते.

या कादंबऱ्यांत दोन्ही बाजू एकाच लेखकाच्या हाती असल्याने पहिल्या निवेदनातील रिकाम्या जागा त्याला आधीच योजून ठेवता येतात. रीस यांना ती सोय नव्हती. एकशे एकोणीस वर्षांपूर्वी दुसऱ्या लेखिकेने सोडलेल्या जागा त्यांना शोधाव्या लागल्या.